दोनचा घातांक कोठून आला होता: छर्रे आणि ग्लिसरीनच्या प्रयोगाची पुढची नोंद

मागील नोंदीत मी लिहिले होते की ग्लिसरीनमध्ये पडणाऱ्या पोलादी छर्‍यांचा अंतिम वेग त्रिज्येच्या २.०१ व्या घाताप्रमाणे वाढतो, म्हणजेच हा वेग त्रिज्येच्या वर्गाशी समप्रमाणात असतो असे सांगणारा स्टोक्सचा नियम घरच्या साधनांनीही उत्तम पडताळता येतो. तो निष्कर्ष मी आज मागे घेतो. आकडा दोनच्या इतका जवळ आला होता तो दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या होत्या म्हणून, आणि त्या वेगळ्या करण्यात गेलेले तीन आठवडे हीच या नोंदीची हकीकत आहे.

आधी अपेक्षा काय होती ते थोडक्यात सांगतो. छर्रा खाली ओढला जातो तो त्याच्या वजनातून द्रवाचे उत्प्लावक बल वजा करून उरलेल्या बलाने, आणि हे बल आकारमानाशी, म्हणजे त्रिज्येच्या घनाशी, समप्रमाणात असते. विरोध करणारे, द्रवाच्या चिकटपणातून येणारे श्यान बल मात्र, जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दाखवल्याप्रमाणे, त्रिज्या आणि वेग यांच्या गुणाकाराशी समप्रमाणात असते. त्रिज्या दुप्पट केली की खालची ओढ आठपट होते. विरोध तेवढाच होण्यासाठी त्रिज्येतून दुप्पट मिळते आणि उरलेली चौपट वेगालाच भरून काढावी लागते.

```
v = (2/9) (ρs − ρl) g r² / η
```

येथे ρs ही छर्‍याची घनता, ρl ही द्रवाची घनता आणि η ही द्रवाची श्यानता आहे. १ मिमी व्यासाच्या छर्‍यापेक्षा ४ मिमी व्यासाचा छर्रा नेमका सोळापट वेगाने पडावा, असे हे सूत्र सांगते.

पहिल्या फेरीत मी सकाळी लहान छर्‍यांपासून सुरुवात केली होती आणि मोठे छर्रे दुपारी सोडले होते. वही पुन्हा चाळताना दिसले की द्रवात बुडवलेल्या तापमापकाची पहिली नोंद २२.१ अंश सेल्सिअस आणि शेवटची २४.० अंश होती. दोन अंशांनी काय बिघडणार, असे तेव्हा वाटले होते, पण ग्लिसरीनच्या बाबतीत ते खूप बिघडवते. खोलीच्या तापमानाच्या आसपास त्याची श्यानता दर अंशामागे सुमारे ८ टक्क्यांनी उतरते. म्हणजे माझे मोठे छर्रे लहान छर्‍यांच्या मानाने सुमारे १६ टक्के पातळ द्रवातून पडले होते आणि त्यांचा वेग तेवढ्याच प्रमाणात फुगला होता. तापमानाचा हा फरक काढून टाकला तर घातांक दोनच्या खाली यायला हवा होता, आणि मग तो खाली का येतो याचे कारण शोधणे भाग होते.

दुसऱ्या फेरीसाठी मोजपात्र पाण्याच्या मोठ्या बादलीत उभे ठेवले आणि तापमान २२.० अंशांपासून ०.१ अंशापेक्षा जास्त हलले की मोजणी थांबवली. छर्रे १, २, ३ आणि ४ मिमी व्यासाचे होते. प्रत्येकाचा व्यास स्क्रू गेजने पाहिला आणि ४ मिमीचे ५० छर्रे एकत्र वजन करून घनता ७८०० किलोग्रॅम प्रति घनमीटर असल्याची खात्री केली. ग्लिसरीनची घनता १२६० धरली. मोजपात्राचा आतील व्यास ६० मिमी, पृष्ठभागापासून ७० मिमी खाली पहिली खूण, तिच्याखाली २०० मिमीवर दुसरी, आणि दुसऱ्या खुणेखाली आणखी ८० मिमी द्रव. खुणा म्हणून काचेभोवती दोऱ्याची पूर्ण कडी बांधली, म्हणजे पुढचा आणि मागचा दोरा एका रेषेत दिसला की नजर बरोबर पातळीवर आहे हे कळते. वेळ स्टॉपवॉचने न घेता सेकंदाला ६० चौकटी टिपणाऱ्या चित्रफितीवरून मोजली.

छर्रा अंतिम वेगाला केव्हा पोहोचतो, हा प्रश्न अनेकांनी विचारला होता. इतक्या दाट द्रवात त्याला अजिबात वेळ लागत नाही: सर्वांत मोठ्या ४ मिमीच्या छर्‍यासाठीही हा काळ सहा-सात मिलिसेकंद निघतो आणि तेवढ्यात तो अर्धा मिलिमीटरही खाली जात नाही. वरचे ७० मिमी सोडले आहेत ते वेग वाढण्यासाठी नव्हे, तर मोकळ्या पृष्ठभागाचा प्रवाहावरचा परिणाम टाळण्यासाठी. तळाजवळची जागाही त्याच कारणाने सोडली आहे.

१ मिमीच्या छर्‍यांनी मात्र एक दिवस फुकट घालवला. बहुतेक छर्‍यांना २०० मिमी उतरायला ६४ सेकंद लागत होते आणि एकालाच ७१ लागले. तोच छर्रा बाहेर काढून, पुसून पुन्हा सोडल्यावर ६४ आले. नंतर भिंग काचेला लावून प्रत्येक छर्रा पाहू लागलो, तेव्हा कारण दिसले: छर्‍याच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा हवेचा बुडबुडा चिकटलेला होता आणि तो तसाच, चकचकीत, थेट तळापर्यंत खाली गेला. एवढा लहान छर्रा कोरडा सोडला की तो हवा बरोबर घेऊन जातो. आता प्रत्येक छर्रा आधी ग्लिसरीनच्या थेंबात घोळवून, चिमट्याने पृष्ठभागाखाली नेऊन, मधोमध सोडतो. लोहचुंबकाने मागचा छर्रा वर काढल्यावर द्रव दहा मिनिटे निवांत ठेवतो, आणि दोन छर्रे कधीही लागोपाठ सोडत नाही, कारण दाट द्रवात एकाने ओढत नेलेला प्रवाह दुसऱ्याला दूरवरूनही खाली खेचतो.

प्रत्येकी पाच वेळांच्या सरासरीने मिळालेले वेग असे: १ मिमीसाठी सेकंदाला ३.१२५ मिमी, २ मिमीसाठी १२.०, ३ मिमीसाठी २५.८ आणि ४ मिमीसाठी ४३.८. सोळापट व्हायला हवे होते तेथे चौदापट झाले. लॉग-लॉग आलेखावर हे बिंदू जवळजवळ सरळ रेषेतच बसतात आणि त्या रेषेचा चढ १.९० येतो. आलेख इतका सरळ दिसत असताना घातांक चुकीचा असू शकतो, ही गोष्ट मला या प्रयोगातली सर्वांत महत्त्वाची वाटते. लॉग-लॉग आलेखाचा देखणेपणा हा पुरावा नव्हे.

म्हणून वेगाला त्रिज्येच्या वर्गाने भागले. नियम जसाच्या तसा लागू असता तर चारही भागाकार सारखे यायला हवे होते. आले ते १२.५, १२.०, ११.५ आणि १०.९५, म्हणजे व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे ०.५२ ची ठरावीक घट. ही घट व्यासाबरोबर सरळ रेषेत वाढत होती आणि त्यामुळे संशय काचेच्या भिंतीवर गेला.

स्टोक्सचे सूत्र अमर्याद द्रवासाठी आहे. पडणारा छर्रा आपल्याभोवतीचा द्रव खाली ओढतो, आणि श्यान प्रवाहात ही हालचाल फार सावकाश विरते: अंतर दुप्पट झाले की ती जेमतेम निम्मी होते. ४ मिमीच्या छर्‍यापासून भिंत त्रिज्येच्या पंधरापट दूर आहे, तरी छर्‍याने ओढलेल्या द्रवाला तेथे थांबावेच लागते, कारण काचेला लागलेला द्रव हलत नाही. शिवाय बंद नळीत छर्‍याबरोबर खाली जाणाऱ्या द्रवाइतका द्रव कडेने वर यावा लागतो. हिल्डिंग फाक्सेन या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात या परिणामाचे गणित केले. छर्रा अक्षावर असेल तर वेगातली घट पहिल्या अंदाजाने २.१० गुणिले छर्‍याचा व्यास भागिले नळीचा व्यास एवढी येते. माझ्या पात्रात १ मिमीच्या छर्‍याला ३.५ टक्के आणि ४ मिमीच्या छर्‍याला १४ टक्के. मोठ्या छर्‍याला भिंत जास्त अडवते, म्हणून त्रिज्येबरोबर वेग वर्गापेक्षा कमी वाढतो.

हे पटण्यासाठी सूत्र पुरेसे नव्हते. भिंत जवळ आणून पाहायचे होते. तेच ग्लिसरीन, तेच छर्रे आणि तेच तापमान ठेवून २७ मिमी आतील व्यासाच्या मोजपात्रात १०० मिमी अंतरावर सगळे पुन्हा मोजले. वेग आले २.९९, १०.९, २२.३ आणि ३५.७. घातांक आणखी घसरून १.७९ झाला. त्रिज्येच्या वर्गाने भागल्यावर ११.९६, १०.९, ९.९ आणि ८.९ असे आकडे मिळाले; घट दर मिलिमीटरमागे सुमारे १.०, म्हणजे रुंद पात्रातल्या घटीच्या जवळजवळ दुप्पट. नळीच्या व्यासांचे गुणोत्तर २.२ आहे.

दोन्ही रेषा एकाच कागदावर काढून त्या शून्य व्यासाकडे मागे वाढवल्या. रुंद पात्राची रेषा उभ्या अक्षाला १३.०२ वर आणि अरुंद पात्राची १२.९७ वर मिळाली. व्यास शून्याकडे नेला की भिंत अनंत दूर जाते, त्यामुळे हा आकडा पात्रावर अवलंबून राहायलाच नको होता, आणि तो राहिला नाही. १३.० वरून श्यानता १.१० पास्कल-सेकंद निघते. शुद्ध ग्लिसरीनसाठी २२ अंशांना ती सुमारे १.२ असते, एक टक्का पाणी शिरले की ती जवळजवळ पाचव्या हिस्स्याने उतरते, म्हणून माझ्या उघड्या राहिलेल्या बाटलीने हवेतून अर्ध्या टक्क्याच्या आसपास ओलावा घेतला असावा असे मी धरतो.

एक बारीक फरक उरतो. रुंद पात्रात भिंतीमुळे दर मिलिमीटरमागे ३.५ टक्के घट हवी, मला ४.० मिळते. उरलेला अर्धा टक्का मी द्रवाच्या जडत्वाला देतो. ४ मिमीच्या छर्‍यासाठी रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्व आणि श्यानता यांच्या परिणामांचे गुणोत्तर, ०.२ येतो, आणि त्याला जडत्वाची तीन-चार टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती लागू शकते. १ मिमीसाठी तो अंक ०.००४ च्या खाली आहे आणि दुरुस्ती नगण्य. ती आणि भिंतीची दुरुस्ती एकमेकींना नुसते गुणून मात्र चालत नाही, कारण भिंत जवळ असली की जडत्वाचा परिणाम दबतो. अरुंद पात्रात हा जादा फरक कमी दिसला, याचे कारण मी हेच समजतो. ६ मिमीचे छर्रे म्हणूनच या फेरीत वापरले नाहीत. त्यांच्यासाठी रेनॉल्ड्स अंक ०.६ च्या आसपास जातो आणि मग मागे वाढवायची रेषा सरळ राहत नाही.

पुढच्या फेरीत १ आणि ४ मिमीचे छर्रे रुंद पात्रातच, पण अक्षापासून १५ मिमी बाजूला सोडणार आहे. ज्यांच्याकडे ४० ते ४५ मिमी आतील व्यासाचे पात्र आहे त्यांनी तापमान स्थिर ठेवून हेच चार वेग मोजले, तर तिसरी रेषाही आपल्या स्वतःच्या द्रवासाठी त्याच बिंदूला जाते का हे पाहता येईल. मात्र त्यासाठी आपल्याच ग्लिसरीनमध्ये निदान दोन पात्रे वापरावी लागतील.