सुब्खुंतीबो, सहावा आठवडा: ‘यावंस’पासून ‘याचं’पर्यंत

स्पॅनिशच्या बी-वन डिप्लोमाची तयारी करणाऱ्यांसाठी ही नोंद. परीक्षेच्या लेखनाला 60 मिनिटं असतात आणि पहिल्याच प्रश्नात आलेल्या पत्राला 100 ते 120 शब्दांत उत्तर द्यायचं असतं. वाचन आणि लेखन मिळून 50 पैकी 30 गुण लागतात. आलेल्या पत्रात कुणीतरी बातमी सांगतं, काहीतरी विचारतं, कुठेतरी बोलावतं. म्हणजे उत्तरात इच्छा, शंका आणि आनंद किंवा दुःख येणारच, आणि ते आलं की सुब्खुंतीबो, म्हणजे अशा वेळी येणारा क्रियापदाचा वेगळा रूपप्रकार, आलाच.

पहिले दोन आठवडे मी रूपांचे तक्ते पाठ केले. रूपं तशी अवघड नाहीत. वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप घ्यायचं, शेवटचा ओ काढायचा आणि स्वर उलटा लावायचा: आब्लो-आब्ले, कोमो-कोमा, तेन्गो-तेन्गा, बेन्गो-बेन्गा. या वाटेने न जाणारी सहा क्रियापदं आहेत, सेआ, एस्ते, बाया, आया, सेपा आणि दे, ती तोंडपाठच करावी लागतात. पण लिहायला बसलं की ही रूपं नेमकी कुठे वापरायची ते सुचत नव्हतं. ‘अवास्तव गोष्टींसाठी सुब्खुंतीबो’ हा नियम वहीत होता, पण पत्रात त्याचा काही उपयोग होईना.

मग वर्गातले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, संभाजी बागेत रविवारी सकाळी माझ्याबरोबर सरावाला बसू लागले. ते म्हणाले, “अगं, नियम ठेव बाजूला. तुझ्या मैत्रिणीने पुण्याला यावं असं तुला वाटतंय ना? ते आधी मराठीत म्हण.” मी म्हटलं, “तू यावंस असं मला वाटतं.” आणि तिथेच लक्षात आलं की हे ‘यावंस’ म्हणजेच ‘किएरो के बेंगास’मधलं बेंगास. आपल्याकडे विध्यर्थ आहेच. ‘येतेस’ आणि ‘यावंस’ यांतला फरक कुणी शिकवला नाही तरी आपल्याला कळतो.

त्या दिवसापासून तक्ते सोडले आणि एकच पत्र घेतलं. पत्र आम्ही स्वतःच रचलेलं. बालेन्सियातली मैत्रीण लिहिते की गणपतीत ती पुण्याला येणार आहे, तिचा भाऊ आजारी आहे, आणि तेव्हा रोज पाऊस असतो का? या एका पत्राला मी चार वेळा उत्तर लिहिलं.

इच्छेपासून सुरुवात केली. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं ‘एस्पेरो के बेन्द्रास’. बेन्द्रास हा भविष्यकाळ. ही चूक थेट मराठीतून येते, कारण आपण म्हणतो ‘तू येशील अशी आशा आहे’. आशेबरोबर आपल्या तोंडी भविष्यकाळच येतो. आता आशा आली की मी वाक्य मनात फिरवते: ‘तू यावंस ही इच्छा’. मग बेंगास आपोआप येतं.

पण ही युक्ती एका ठिकाणी फसवते. ‘मी पास व्हावं अशी माझी इच्छा आहे’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. स्पॅनिशमध्ये मात्र इच्छा करणारी आणि ती गोष्ट करणारी व्यक्ती एकच असेल तर ‘की’ या अर्थाचं के लागतच नाही, मूळ क्रियापद तसंच येतं: एस्पेरो आप्रोबार. म्हणून ‘-ावं’ ऐकू आलं की आधी बघायचं, माणूस बदलला का? किएरो बेनीर, मला यायचंय. किएरो के बेंगास, तू यावंस. काकांनी हे वहीच्या कडेला लाल पेनाने लिहून दिलं, आणि माझ्या मते अख्ख्या धड्यात हीच ओळ सर्वांत मोलाची आहे.

शंकेत मराठीची अर्धीच मदत होते. ‘पाऊस पडेल असं वाटतं’ आणि ‘पाऊस पडेल असं वाटत नाही’, दोन्हींत आपलं ‘पडेल’ जसंच्या तसं. स्पॅनिशमध्ये बाहेरच्या ‘नाही’ने आतलं क्रियापदही बदलतं. पाऊस पडतो असं माझं मत असेल तर क्रेओ के युएबे, नसेल तर नो क्रेओ के युएबा. कारण सरळ आहे: क्रेओ के म्हणताना मी ती गोष्ट माझ्या नावावर सांगते, नो क्रेओ के म्हणताना सांगत नाही. पत्रात अखेर मी लिहिलं, नो क्रेओ के युएबा तोदोस लोस दीआस, रोज पाऊस पडेल असं नाही वाटत. ‘कदाचित’साठी आ लो मेखोर वापरलं तर मात्र साधंच रूप येतं. तेवढं लक्षात ठेवून पुढे गेले.

खरा वेळ गेला भावनेत. इथे मराठी अजिबात इशारा देत नाही. ‘तू येते आहेस याचा आनंद वाटतो.’ मैत्रीण येणार हे नक्की आहे, तिकीट काढलंय, अवास्तव काहीच नाही. तरी मे आलेग्रा के बेंगास. मी तीनदा साधं रूप, बिएनेस, लिहिलं. चौथ्यांदा काकांनी तिच्या आजारी भावाचं वाक्य काढलं आणि दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या:

सिएन्तो के तू एर्मानो एस्ते एन्फेर्मो.
सिएन्तो के तू एर्मानो एस्ता एन्फेर्मो.

दोन्ही बरोबर. फरक क्रियापदाच्या शेवटच्या एका स्वराचा. पहिलीचा अर्थ, तुझा भाऊ आजारी आहे याचं वाईट वाटतं. दुसरीचा, तुझा भाऊ आजारी आहे असं मला जाणवतंय. म्हणजे बहिणीलाच तिच्या भावाच्या आजाराची बातमी देणं! पहिल्यात आजार तिला आधीच ठाऊक आहे, मी तो सांगत नाहीये, माझं दुःख सांगतेय. दुसऱ्यात मी आजारच सांगतेय.

आणि हा फरक मराठीत दिसतो, फक्त क्रियापदात नाही, जोडणाऱ्या शब्दात: ‘असं वाटतं’ आणि ‘याचं वाटतं’. हे सापडल्यावर मी बागेतल्या बाकावर वही उघडून वीस वाक्यं तपासली. याचा आनंद, याचं वाईट, याची भीती, याचा राग, सगळीकडे सुब्खुंतीबो बसला. ‘याची खात्री’ मात्र बसत नाही, कारण खात्री ही भावना नाही, ते ठामपणे सांगणंच आहे: एस्तोय सेगूरा दे के बिएनेस. म्हणून ‘याचं’ ऐकल्यावर पुढचा शब्द भावनेचा आहे ना, एवढं पाहायचं.

चौथ्या उत्तरात 112 शब्द झाले आणि सुब्खुंतीबो पाच ठिकाणी आला, पाचही बरोबर. शेवट केला के से मेखोरे प्रोन्तो, त्याला लवकर बरं वाटू दे. इथे इच्छेचं क्रियापद गाळलेलं असतं, नुसतं के उरतं. ‘असं होवो’ म्हणणाऱ्या ओखालाचंही असंच. मूळ अरबी, ‘देवाने मनात आणलं तर’ अशा अर्थाच्या शब्दांतून आलेलं, आणि त्याच्यामागून नेहमी सुब्खुंतीबोच येतो.

अजून ऐकताना एस्ते आणि एस्ता पटकन ओळखू येत नाहीत. पुढच्या रविवारी काका वाक्यं वाचणार आणि मी फक्त ‘असं’ की ‘याचं’ एवढंच सांगणार आहे.