व्हायोलिन, आठवा महिना: टिपजवळ आवाज मरत होता त्याचं कारण सापडलं

गेले तीन आठवडे डाव्या हाताला जवळजवळ सुट्टीच दिलीय, फक्त मोकळ्या तारा आणि बो, म्हणजे तारांवर फिरवायचा गज. झालं असं की ए तारेवर पूर्ण डाउन बो घेतला की फ्रॉगपासून, म्हणजे बो हातात धरतो त्या टोकापासून, मध्यापर्यंत आवाज भरलेला यायचा आणि तिथून पुढे टिपकडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे जाताना फुसका व्हायचा, नुसती हवा गेल्यासारखा. मला वाटलं बोच्या केसांना लावायचं रोझिन कमी पडतंय म्हणून जास्त लावलं तर आवाज खरखरीत झाला पण टिपजवळ फुसका तो फुसकाच.

मग मोबाईल समोर ठेवून व्हिडिओ काढला आणि लगेच दिसलं. मध्यापर्यंत बो ब्रिजला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला, समांतर होता, पण तिथून पुढे माझं कोपर पाठीमागे जायला लागायचं आणि बोचं टोक स्क्रोलकडे, म्हणजे व्हायोलिनच्या खुंट्यांकडच्या टोकाकडे वळायचं. वाजवताना मात्र मला हात अगदी सरळ चाललाय असंच वाटत होतं, कारण वरून बघताना डोळ्याला कोन कळत नाही. आरसा उजव्या बाजूला ठेवला की कळतो, बो आणि ब्रिज दोन समांतर रेघा दिसायला पाहिजेत.

सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "बो मागे ओढू नकोस, कोपर उघड." खांद्यापासून अख्खा हात फिरवला तर हात गोलात फिरतो आणि बोही गोलात जातो. कोपर काटकोनात येतं तिथपर्यंत दंड हलला तरी चालतं, तिथून पुढे मात्र फक्त कोपरापासून खालचा हात उघडायचा आणि हात किंचित पुढे, म्हणजे आपल्यापासून लांब जाऊ द्यायचा. पहिले दोन दिवस हे मला चक्क वाकडं वाटत होतं, पण आरशात बघितलं तर तेच सरळ होतं!

कामाला आलेली युक्ती म्हणजे भिंत. उजव्या दंडाची मागची बाजू भिंतीला टेकवून उभी राहते, त्यामुळे कोपराला मागे जायला जागाच नाही. कोपर काटकोनात येतं त्या जागी बोच्या काठीवर बारीक स्टिकर लावलाय (प्रत्येकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे ही जागा वेगळी येते, दुसऱ्याची बघून लावू नका). मेट्रोनोम ६० वर, स्टिकरपासून टिपपर्यंत चार ठोके, टिपला थांबून आरशात बघायचं, परत चार ठोक्यात स्टिकरपर्यंत. आठवडाभर रोज दहा मिनिटं एवढंच, मग फ्रॉग ते टिप आठ ठोके. बोच्या केसांची लांबी साधारण ६५ सेंटीमीटर असते, म्हणजे ठोक्याला आठेक सेंटीमीटर बो जायला हवा. मी सुरुवातीच्या दोन ठोक्यातच अर्धा बो संपवत होते आणि शेवटी रखडत होते, ते यात पकडलं गेलं.

बो सरळ झाला तरी टिपजवळचा आवाज अर्धाच सुधारला, उरलेलं काम बोच्या पकडीचं निघालं. बो साधारण ६० ग्रॅमचा असतो पण त्याचा भार फ्रॉगच्या बाजूला जास्त. फ्रॉगजवळ वाजवताना तो भार तारेवर पडू नये म्हणून वाकलेली करंगळी काठीवर उभी राहून तो उचलून धरते, आणि टिपकडे जाताना उलट, करंगळी हलकी होते आणि तर्जनीतून हाताचा भार काठीवर द्यावा लागतो. हा भार बोटाने दाबून द्यायचा नाही, दाराची मूठ डावीकडे फिरवावी तसा कोपराखालचा हात किंचित फिरवला की आपोआप येतो. मी दाबत होते. दाबलं की अंगठा ताठ, अंगठा ताठ झाला की मनगट अडकतं आणि बो थरथरतो. आता दर पाच मिनिटांनी थांबून अंगठ्याचं पेर बाहेरच्या बाजूला वाकलंय ना बघते, आत गेलं असेल तर पकड सोडून पुन्हा धरते.

कानाने असं ओळखते: दळल्यासारखी खरखर आली तर भार जास्त किंवा बो फार हळू, शिट्टीसारखा पोकळ आवाज आला तर भार कमी किंवा वेग जास्त. एका वेळी एकच बदलून बघते, नाहीतर कशाने सुधारलं तेच कळत नाही.

हात आखूड असेल तर टिपपर्यंत जायचा हट्ट नको, बो जिथपर्यंत सरळ राहतो तिथपर्यंतच जायचं. माझा टिपच्या चार बोटं अलीकडे थांबतो, सरांनी तेवढंच ठेवायला सांगितलंय.

कालचा हिशेब: ए तारेवर दहा डाउन बो, त्यातले सात शेवटपर्यंत एकसारखे. डी वर सहा. जी वर कोपर वर उचलावं लागतं, तिथे बो अजून तिरका जातोय, पुढचा आठवडा त्याचा.