लंबकाचा हिशेब, नोंद 4: सहा राशींच्या तीन झाल्या, पण एक निसटलीच

मागच्या नोंदीत लंबक टांगून झाला होता. 10 सेंटीमीटर व्यासाचा थर्माकोलचा गोळा, मधोमध कोरून आत नट बसवलेले, एकूण वजन 60 ग्रॅम. दाराच्या चौकटीला तंगुशीचे दोन धागे इंग्रजी व्हीसारखे बांधले आहेत, म्हणजे गोळा एकाच प्रतलात झुलतो, गोल फिरत नाही. चौकटीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत उभं अंतर 1 मीटर. मोबाइल समोर स्टुलावर. हेलकावा हळूहळू कमी होतो तो नेमका कशामुळे आणि कोणत्या नियमाने, एवढंच मला पाहायचं आहे.

समीकरण असं लिहिलं:

```
m l θ'' = − m g sin θ − b l θ' − k l² |θ'| θ'
```

उजवीकडचं पहिलं पद गुरुत्वाकर्षणाचं. दुसरं हवेच्या चिकटपणाचं, ते वेगाच्या प्रमाणात वाढतं. तिसरं हवा ढकलून बाजूला सारण्याचं, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. राशी मोजा: m, l, g, b, k आणि सोडतानाचा कोन θ0. एकूण सहा. प्रत्येक बदलून पाहायची तर पावसाळा संपेल.

म्हणून मितिहीन रूप, म्हणजे प्रत्येक चल योग्य एककाने भागून समीकरणात नुसत्या संख्या उरवायच्या. यात खरं काम एकच असतं, एककं निवडणं, आणि मी तिथेच आधी आपटलो. मला क्षय पाहायचा, मग वेळेचं एकक क्षयाचंच घेऊ म्हटलं: m/b. गोलाकार वस्तूसाठी स्टोक्सचं सूत्र b = 6πμR. हवेच्या चिकटपणाचा गुणांक μ साधारण 1.8×10⁻⁵ आणि R = 0.05 मीटर धरून b आला 1.7×10⁻⁵ किलो प्रति सेकंद. m/b म्हणजे सुमारे 3500 सेकंद, जवळजवळ तास. वर्गाचं पद तात्पुरतं बाजूला ठेवून हे एकक समीकरणात घातलं, तर दोन्ही विकलजांपुढे 8×10⁻⁹ एवढा गुणक आला आणि θ मात्र एकटा, गुणक 1. क्षुल्लक पदं टाकून दिली तर उरतं θ = 0. लंबक हलतच नाही! समोर तो मजेत झुलतोय.

गणित कुठेच चुकलेलं नव्हतं. चुकलं ते एकक. तासाच्या एककात मोजलं तर दोन सेकंदांचा झोका म्हणजे जवळजवळ उभी रेघ, त्यामुळे विकलजं प्रचंड होतात, पहिलं विकलज 11,000 पर्यंत जातं. एवढ्या मोठ्या संख्येपुढचा छोटा गुणक बघून ते पद फेकता येत नाही. एकक बरोबर आहे की नाही ते ओळखायची खूण हीच: बदललेली चलं आणि त्यांची विकलजं 1 च्या आसपास राहिली पाहिजेत. तसं असेल तरच गुणकाचा आकार बघून पद लहान की मोठं ते म्हणता येतं.

दुसऱ्यांदा झोक्याचाच काळ घेतला. ω = √(g/l) = 3.13, τ = ωt, आणि कोनासाठी θ = θ0 φ. मग हे उरलं:

```
φ'' + sin(θ0 φ)/θ0 + β φ' + γ θ0 |φ'| φ' = 0
β = b/(mω),   γ = k l/m
```

सहाच्या तीन झाल्या: θ0, β, γ. हिशेबही जुळतो, कारण राशी सहा आणि वस्तुमान, लांबी, काळ या मिती तीन.

γ वर मी बराच वेळ रेंगाळलो, कारण तो दिसतो त्यापेक्षा बोलका आहे. k म्हणजे ½ρ·Cd·(गोळ्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ), ρ ही हवेची घनता आणि Cd हा वस्तूच्या आकारावरून ठरणारा हवेच्या विरोधाचा गुणांक. त्याला l ने गुणलं की एक वस्तुमान तयार होतं. गोळा 1 मीटर सरकला तर ज्या नळीएवढी हवा त्याच्या वाटेत येते तिचं वजन 9 ग्रॅम. Cd 0.47 धरून त्याचा निम्मा भाग लावला की 2.1 ग्रॅम. 2.1 भागिले 60, म्हणजे γ = 0.035. वाटेतली हवा विरुद्ध गोळा, एवढंच ते गुणोत्तर. त्यात g कुठेच नाही, म्हणजे इथली हवा चंद्रावर नेता आली असती तर तिथेही या पदामुळे दर झोक्याला आयाम तेवढाच घटला असता, फक्त झोके संथ झाले असते.

आता θ0 = 0.3 रेडियन, म्हणजे 17 अंश, धरून आकार मांडू. मुख्य पद 1. sin मुळे येणारी दुरुस्ती θ0²/6 = 0.015. वर्गाचं पद γθ0 = 0.0105. चिकटपणाचं पद β = 0.00009.

पहिल्या नजरेत sin ची दुरुस्ती हवेपेक्षा मोठी दिसते. मग आधी हवा सोडावी का? इथे नुसता आकार पाहून चालत नाही. sin ची दुरुस्ती ऊर्जा खात नाही, आवर्तकाल अर्ध्या टक्क्याहून थोडा वाढवते आणि गप्प बसते. हवेचं पद लहान असलं तरी दर झोक्याला थोडंथोडं खातं आणि ते साचत जातं. झोका किती वेळात पुरा होतो हा प्रश्न असेल तर sin ठेवा आणि हवा सोडा. आयाम किती उरतो हा प्रश्न असेल तर उलट. माझा प्रश्न आयामाचा आहे. (हवेच्या उत्प्लावनाचं पद मी समीकरणात घेतलंच नव्हतं. गोळ्याने बाजूला सारलेली हवा 0.6 ग्रॅम, म्हणजे 1 टक्का, आणि तीही आवर्तकालाशीच खेळते.)

एका झोक्यावर ऊर्जेची सरासरी काढली की आयाम A साठी (रेडियनमध्ये) हे मिळतं:

```
dA/dτ = − (β/2) A − (4γ/3π) A²
```

दोन्ही पदं बरोबरीला येतात तो आयाम A* = 3πβ/(8γ). माझ्या आकड्यांनी तो 0.003 रेडियन, म्हणजे 0.17 अंश. थोडक्यात, डोळ्यांना दिसेल तोवर वर्गाच्या पदाचंच राज्य असायला हवं, आणि चिकटपणाचं पद खुशाल टाकून द्यावं. भाकीत वहीत लिहिलं: 300 झोक्यांनी, म्हणजे 10 मिनिटांनी, आयाम 0.030 उरेल. गोळा मध्यापासून 3 सेंटीमीटर सरकत असेल.

रविवारी खिडक्या लावून, पंखा बंद करून रेकॉर्डिंग केलं. आई दोनदा विचारून गेली, "अरे, पंखा लावू का?" 10 मिनिटांनी गोळा जेमतेम 9 मिलिमीटर सरकत होता. 0.009 रेडियन.

पहिला संशय गाठींवर घेतला. गाठी बदलल्या, तरी तेच. मग आकडे नीट मांडले. वरचं समीकरण A ने भागलं तर क्षयाचा दर A विरुद्ध सरळ रेषा येते: छेद β/2, चढ 4γ/3π. म्हणजे दोन्ही पदं एकाच आलेखावर सुटी होतात.

```python
# A: दर दहाव्या झोक्याचा आयाम, t: त्याची वेळ, w: 3.13
tau = w * t
rate = -np.diff(np.log(A)) / np.diff(tau)
Am = np.sqrt(A[1:] * A[:-1])
slope, icpt = np.polyfit(Am, rate, 1)
```

दर झोक्याचा आयाम घेऊ नका, फरक इतका बारीक असतो की पिक्सेलच्या चुकीत बुडतो. दहा-दहा झोके सोडून घ्या. एखादा दर ऋण आला तर झुळूक आली समजायचं.

चढ आला 0.016, म्हणजे γ = 0.038. अपेक्षा 0.035 ची होती, धागेही थोडी हवा ढकलतात, तेव्हा हे पटण्यासारखं. छेद मात्र 0.001. म्हणजे β = 0.002, अपेक्षेच्या वीसपटीहून जास्त! A* सरकून 0.0625 वर, म्हणजे 3.6 अंशांवर आला. जे पद मी टाकून देणार होतो ते जवळजवळ पाऊण रेकॉर्डिंगभर वरचढ होतं.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की चूक b मध्ये आहे. 6πμR हे सूत्र एकाच दिशेला अगदी संथ जाणाऱ्या गोळ्याचं आहे, रेनॉल्ड्स अंक, म्हणजे हवेच्या जडत्वाचं तिच्या चिकटपणाशी गुणोत्तर, 1 हून कमी असतानाचं. माझ्या त्या 0.17 अंशांवरसुद्धा तो अंक 60 येतो. एवढं तपासलं असतं तर तिथेच थांबलो असतो. आणि माझा गोळा तर पुढेमागे जातो. हवेला गोळ्याबरोबर सरकायला वेळ लागतो, तेवढ्यात गोळा परत फिरतो. त्यामुळे गोळ्यालगतचा फक्त एक पातळ थर ओढला जातो. त्याची जाडी δ = √(2ν/ω), ν म्हणजे μ भागिले हवेची घनता, इथे 3.2 मिलिमीटर. थर पातळ म्हणजे त्यातला वेगाचा उतार तीव्र, आणि म्हणून घर्षण जास्त. गंमत अशी की हे सूत्रही स्टोक्सचंच, आणि तेही लंबकांवरच्याच निबंधातलं, जो त्याने 1850 मध्ये वाचला होता:

```
b = 6πμR (1 + R/δ)
```

R/δ = 15.6. म्हणजे b एकदम 16.6 पट, β = 0.0015. त्यात दोन धाग्यांचा वाटा, माझ्या ढोबळ अंदाजाने पाचवा हिस्सा, मिळवला की 0.0018. मोजलेला 0.002. एवढ्यावर मी खूश आहे. ढोबळच म्हणायचं, कारण हे सूत्रसुद्धा गोळा स्वतःच्या त्रिज्येपेक्षा बराच कमी सरकत असेल तेव्हाचं, आणि माझा A* गोळ्याच्या 6 सेंटीमीटर सरकण्याला येतो, म्हणजे त्रिज्येच्या जरा पुढेच.

म्हणजे मितिहीन गट खरं तर चार होते. R/δ मला दिसला नाही, कारण μ, R आणि हवेची घनता ही सगळी मी b नावाच्या डबीत आधीच बंद केली होती. सहाच्या तीन करताना मी फक्त डबीवरची नावं मोजली.

पुढच्या रविवारी 15 सेंटीमीटरचा गोळा, वजन तेच 60 ग्रॅम, लांबी तीच. साधं सूत्र म्हणतं b त्रिज्येच्या प्रमाणात, म्हणजे छेद 0.0015 च्या आसपास. पातळ थराचं सूत्र म्हणतं जवळजवळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात, धागे धरून 0.002. या वेळी दोन्ही आकडे आधीच वहीत लिहून ठेवले आहेत, पेनाने.