२५ तारखेच्या आत सही करून पाठवा

बंगळुरात मी ज्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याचे मालक बेळगावला असतात. मराठीच आहेत, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. आमचा जुना करार ३१ ऑगस्ट २०२५ ला संपत होता. १८ तारखेला, सोमवारी, काकांचा मेसेज आला: ‘नवीन ॲग्रीमेंट कुरियरनं पाठवलंय. दोन्ही प्रतींवर सही करून २५ च्या आत माझ्या हातात पोचेल असं बघा की. २७ ला गणपती, मग कुरियरवाले कोण भेटतंय?’

दुसऱ्या दिवशी पाकीट आलं. एक मूळ प्रत, पहिलं पान ई-स्टॅम्प पेपरचं आणि पुढची चार साध्या जाड कागदाची. दुसरी त्याचीच झेरॉक्स, माझ्यासाठी. दोन्हींवर काकांच्या सह्या आधीच झालेल्या. मी कुठे सही करायची, तिथे प्रत्येक पानावर पेन्सिलीने बारीक फुली. हे बघून वाटलं, पाच मिनिटांचं काम.

करार नेहमीसारखा ११ महिन्यांचा होता. एक वर्षाच्या वरचा भाडेकरार नोंदणीकृत करावा लागतो, म्हणून इथे सगळे अकरावर थांबतात. स्टॅम्प पेपरवरचं माझं नाव आधी तपासलं, कारण तिथे चूक असती तर हाताने दुरुस्त करता आली नसती, नवाच पेपर काढावा लागला असता. ते बरोबर होतं. भाडं २४,००० चं २५,२०० झालेलं, तेही ठरल्याप्रमाणे.

मग जुना करार शेजारी ठेवून एकेक कलम बोट फिरवत वाचलं, तेव्हा दोन ठिकाणी अडलो. डिपॉझिट आकड्यात १,५०,००० होतं आणि अक्षरात ‘वन लाख फाइव्ह थाउजंड’. टायपिस्टची चूक, पण आकडा आणि अक्षर जुळत नसले की चेकवरसुद्धा अक्षरच धरतात. घर सोडताना हे ४५,००० कुणाच्या खिशातून जाणार ते उघड आहे. दुसरं जास्त बोचलं. बंगळुरात घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे, आणि जुन्या करारात तेवढंच होतं. नव्यात ‘किंवा प्रत्यक्ष खर्च, यांपैकी जे जास्त असेल ते’ एवढं वाढलेलं.

काकांना फोन केला. डिपॉझिटचं ऐकून ते हसले. रंगाचं ऐकून जरा गप्प झाले. ‘रंग किती महागलाय बघितलाय काय?’ मी म्हटलं, काका, भाडं वाढलं की एक महिन्याची कपातही आपोआप वाढतेच. वरून खर्चाचा आकडा मोकळा सोडला तर मला अंदाजच राहत नाही. बराच वेळ चाललं. शेवटी म्हणाले, ‘जुन्यासारखंच ठेवा जावा.’

पण ठेवायचं कसं? ती पानं पुन्हा छापून मागवायची तर कुरियरच्या आणखी दोन खेपा, म्हणजे २५ गेलीच. आणि काकांची सही झालेल्या कागदात मी एकट्याने खाडाखोड केली तर उद्या तो कागदच वादात सापडेल. आम्ही असं ठरवलं: चुकीच्या शब्दांवर एकच सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, वर योग्य मजकूर, समासात माझी सही, आणि कागद पोचल्यावर तिच्याखाली काकांची. दोन्ही प्रतींवर. व्हाइटनर अजिबात नाही. मग प्रत्येक पानाचा फोटो काढून त्यांना पाठवला आणि या दोन दुरुस्त्या मान्य आहेत असं लेखी मागितलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं, ‘दोन्ही दुरुस्त्या मान्य.’ कागद एकदा हातातून गेला की माझ्याकडे पुरावा म्हणून एवढंच राहणार होतं.

या सगळ्यात गुरुवार संध्याकाळ झाली. कुरियरवाल्याला ‘सोमवारी पोचेल ना’ विचारलं, तर म्हणाला, शनिवारीच जाईल, पण शनिवारी घरी कुणी नसेल तर रविवार सुट्टी, मग सोमवार. काकांना शनिवारी घरी थांबायला सांगितलं आणि पावतीच्या नंबराचा फोटो पाठवला.

शनिवारी काका थांबले होते, कुरियर आलंच नाही. सोमवारी दुपारी एकदाचं पोचलं. अर्ध्या तासात दोन फोटो: माझ्या सहीखाली त्यांची, डिपॉझिटपाशी आणि रंगापाशी. ऑफिसला एचआरएसाठी मी तेच पुढे पाठवले. माझी झेरॉक्स प्रत गौरी-विसर्जन झाल्यावर आली. पेन्सिलीच्या फुल्या काकांनी खोडरबराने पुसून टाकल्या होत्या.