आमची वाटचाल : पाटी वाचून धंदा करणारे

वागळे इस्टेटमधला आमचा गाळा रस्त्यावरून दिसत नाही. शटरच्या बाजूला लेथवाला, वर पॅकेजिंगवाला, मध्ये आम्ही, गच्चीवर सोलर बसवणारे. सुरुवात केली ती भाऊंबरोबर. भाऊ म्हणजे आमचे पहिले भागीदार, कंट्रोल पॅनेल वायरिंगमध्ये हयात घालवलेला माणूस. माल आला की बिल बघायच्या आधी भाऊ चष्मा कपाळावरून खाली ओढून इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनेलच्या डीसीचा एसी करणाऱ्या यंत्राच्या, बाजूची पाटी वाचायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. पोरं हसायची. पुढे त्याच सवयीने आम्हाला वाचवलं.

मधली चांगली वर्षं सांगत बसत नाही, कामं येत गेली, पैसे येत गेले. सांगायचंय ते घोडबंदर रोडच्या एका सोसायटीबद्दल.

काम होतं ५४० वॅटच्या ३६ पॅनेलचं, एकामागे एक जोडलेल्या १८-१८ पॅनेलच्या दोन स्ट्रिंग, २० किलोवॅटचा इन्व्हर्टर. आमचं कोटेशन गेलं, पाठोपाठ दुसऱ्या एका पार्टीचं गेलं, आमच्यापेक्षा बरंच खाली. वर त्यांनी ठळक अक्षरांत छापलं होतं : एफिशियन्सी ९८.७ टक्के. आमच्या मॉडेलची ९८.३. कमिटीत एका साहेबांनी विचारलं, "महाग पण तुमचा, आणि कमी पण तुमचाच?" मी सांगितलं, हा कमाल आकडा आहे, ठरावीक व्होल्टेज आणि ठरावीक लोडला एकदा गाठलेला. इन्व्हर्टर दिवसभर तिथे नसतो. सकाळ-संध्याकाळ, ढगाळ दिवस, अर्धा लोड हे सगळं वजन देऊन काढलेला युरोपियन एफिशियन्सीचा आकडा वेगळा असतो, तो डेटाशीटमध्ये बघा. त्यात निम्म्या लोडला सगळ्यात जास्त वजन, ४८ टक्के. पूर्ण लोडला फक्त २०. आणि समजा ०.४ टक्क्याचा फरक खराच धरला, तरी वर्षाला साधारण २७ हजार युनिट देणाऱ्या गच्चीवर तो शंभर-सव्वाशे युनिटांचा. ऐकून घेतलं, चहा पाजला, काम त्या पार्टीला दिलं.

त्याच रस्त्यावरच्या आणखी काही सोसायट्या बघून बघून तिकडेच गेल्या. आम्ही पॅनेलचा माल आगाऊ उचलून ठेवला होता, बँकेचं सीसी लिमिट काठोकाठ भरलेलं. टेम्पो विकला. भाऊंनी त्या महिन्यात भागीदारी सोडली, रागाने नाही, मुलीचं लग्न होतं. वही मात्र ठेवून गेले.

मार्चमध्ये त्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला. बँकेतून रिटायर झालेले, रोजचं जनरेशन वहीत लिहिणारे. म्हणाले, "दुपारी ग्राफ टेबलासारखा सपाट होतो. ते म्हणतात पॅनेल घाण झालीत. आम्ही धुऊन घेतली, तर सपाट भाग उलट लांबला." तिथेच मला कळलं. धुळीने उत्पादन घटत असेल तर धुतल्यावर शेंडा वर जातो. सपाटी लांबली म्हणजे कुठेतरी मर्यादा आड येते आहे आणि स्वच्छ पॅनेल ती लवकर गाठताहेत.

क्लॅम्प मीटर घेऊन गेलो. इथे नव्या पोरांना न विचारता सांगतो : एसीचा स्वस्तातला क्लॅम्प इथे चालत नाही, डीसी मोजणारा हॉल सेन्सरचा घ्या आणि प्रत्येक वेळी वायरीत घालण्याआधी झीरो करा. भर दुपारी पहिल्या स्ट्रिंगवर ११ अँपिअर, दुसऱ्यावर ११. ढगाचा तुकडा गेला, खाली आला, ऊन पडलं, पुन्हा ११ वर येऊन थांबला. व्होल्टेज मात्र त्या वेळी नेहमीपेक्षा वर चढलेलं. एसी आउटपुट साडेपंधरा किलोवॅटच्या आसपास, म्हणजे इन्व्हर्टर त्याच्या २० च्या मर्यादेला टेकलेलाही नव्हता. अडत होता इनपुटला.

पाटी भिंतीच्या बाजूला येईल असा टांगलेला होता, मोबाइल आत घालून फोटो काढला. कमाल इनपुट करंट : ११ अँपिअर, प्रत्येक एमपीपीटीला, म्हणजे इन्व्हर्टरच्या प्रत्येक स्वतंत्र इनपुटला. शॉर्ट सर्किट करंट : १५. पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर चालू करंट १३.०, शॉर्ट सर्किट १३.९. इन्व्हर्टर जुन्या स्टॉकमधला होता. ३३० वॅटच्या पॅनेलच्या काळातला, तेव्हा पॅनेल नऊच्या आतबाहेर करंट द्यायची.

काकांना गच्चीवरच समजावलं. हे दोन आकडे एकाच ओळीतले भाऊ वाटतात, पण वेगळे आहेत. चालू करंट किती ओढायचा हे इन्व्हर्टर ठरवतो. ११ च्या वर तो ओढत नाही, पॅनेलला जरा जास्त व्होल्टेजवर ढकलतो आणि वरची पॉवर तिथेच राहते. ११ भागिले १३ म्हणजे चौरस मीटरला साधारण साडेआठशे वॅटच्या उन्हापर्यंत सगळं सुरळीत, त्याच्या वर कापाकापी. म्हणून पावसाळ्यात काही जाणवलं नाही, मार्चमध्ये जाणवलं. दुपारी साधारण एक किलोवॅट जात होता. यात काही जळत नाही, फक्त युनिट जातात.

शॉर्ट सर्किट करंट मात्र पॅनेल ठरवतात, इन्व्हर्टरला त्यात बोलायची सोय नाही. आत काही फुटलं किंवा प्लस-मायनस उलटं जोडलं गेलं, तर पॅनेल देतील तो पूर्ण करंट आतल्या डायोडमधून, पट्ट्यांतून, डीसी स्विचमधून वाहणार. त्या पार्टीचं म्हणणं होतं, १५ पेक्षा १३.९ कमीच आहे ना? पण १३.९ हा लॅबमधल्या १००० वॅटच्या उन्हाचा आकडा. ढगाच्या कडेने ऊन फाकतं तेव्हा क्षणभर त्याच्या वर जातं, पॅनेल दोन्ही बाजूंनी चालणारं असेल आणि गच्चीला पांढरा रंग असेल तर आणखी भर. म्हणून सव्वापट धरायची आमच्यात रीत आहे : १७.४. पंधराची पाटी तिथे लावायचीच नाही. आणि एकट्या स्ट्रिंगवर फ्यूज वाचवेल असं कोणी सांगितलं तर मान डोलावून निघून या. शॉर्टचा करंट चालू करंटपेक्षा जेमतेम एक अँपिअर जास्त, फ्यूज उडणार कशाने?

खाली वाकलो तर इन्व्हर्टरला वायर आत घ्यायच्या एका न वापरलेल्या ग्लँडच्या भोकाला बूच नव्हतं, कडेने गंजाचा ओघळ. पाटीवर आयपी ६५. सहा म्हणजे धूळ आत नाही, पाच म्हणजे नळीने मारलेलं पाणी आत नाही, पण ते सगळी भोकं बंद, झाकणाचे स्क्रू आवळलेले आणि यंत्र सरळ टांगलेलं असताना. उघड्या भोकाला आयपी नसतो. खाडीच्या खाऱ्या हवेबद्दल तर तो आकडा काहीच बोलत नाही, त्यासाठी बाहेरच्या कवचाची गंजरोधक श्रेणी वेगळी विचारावी लागते.

पार्टीने इन्व्हर्टर बदलून द्यायला नकार दिला. सोसायटीने कमाल इनपुट १६ आणि शॉर्ट सर्किट २० अँपिअरवाला आमच्याकडून घेतला, रक्कम काकांनी एकाच चेकने दिली. त्या चेकने बँकेचा माणूस दारातून परत गेला. जुना इन्व्हर्टर आम्ही रबाळ्यातल्या एका वर्कशॉपवर ३३० च्या पॅनेलला लावला. उत्तम चालतो, यंत्राचा दोष नव्हताच.

काकांनी नंतर आणखी तीन सोसायट्यांत आमचं नाव सांगितलं. गेल्या महिन्यात मात्र त्याच रस्त्यावर आमचं कोटेशन पुन्हा दुसऱ्या नंबरवर आलं. पहिल्या नंबरच्या कोटेशनमध्ये एफिशियन्सी ठळक आहे, मॉडेल नंबर कुठेच नाही. तेवढं तिथल्या सेक्रेटरींना लेखी कळवलंय.