लांबच्या प्रवासाआधी मी सुरुवात स्टेपनीपासून करतो

प्रवासाला निघताना इंजिन ऑइल आणि कूलंट बहुतेक जण बघतातच. स्टेपनी मात्र डिकीच्या तळाशी पडून असते आणि तिची आठवण टायर बसल्यावरच येते. म्हणून मी तपासणी उलट्या टोकाने सुरू करतो. निघायच्या आठवडाभर आधी, सपाट आणि कडक जमिनीवर, एक चाक खरोखर काढून स्टेपनी लावून बघतो. हवा, जॅक, पाना, नट या सगळ्यांची परीक्षा एकदमच होते.

आधी हवा. चाक वापरात नसलं तरी हवा हळूहळू उतरतेच. स्टेपनी बाकीच्या चाकांसारखीच असेल, तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी जो जास्तीत जास्त आकडा दिलेला असतो तेवढी हवा मी भरतो. रस्त्यात हवा कमी करणं सोपं, वाढवणं कठीण. बारीक, तात्पुरतं चाक असेल तर त्याला साधारण ६० पीएसआय लागतात आणि वेगमर्यादा बहुधा ताशी ८० किलोमीटर असते. दोन्ही आकडे टायरवर छापलेले असतात. तिथेच लंबगोलात चार अंकही सापडतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कोरी दिसली तरी बाजूला बारीक भेगा असतील, तर त्या टायरवर भरवसा ठेवू नये.

आता चाक काढणं. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि तिरक्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून लाकडाचे ठोकळे लावायचे. नट आधी अर्धा फेरा ढिले करायचे, तेही चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच, नाहीतर चाकच फिरायला लागतं. गॅरेजमध्ये हवेच्या गनने आवळलेले नट गाडीतल्या आखूड पान्याने बऱ्याचदा हलतच नाहीत. घरी हे कळलं, तर लांब दांड्याचा पाना घेता येतो. चाकाला चोरी रोखणारा वेगळा नट असेल तर त्याची चावी कुठे ठेवलीय, तेही आत्ताच शोधायचं.

जॅक पत्र्याच्या कडेवरच्या खाचेतच बसवायचा. खाच चुकली की पत्रा दबतो किंवा जॅक सटकतो. भरलेली स्टेपनी बसलेल्या चाकापेक्षा उंच असते, त्यामुळे चाक जमिनीपासून सुटल्यावरही गाडी आणखी थोडी वर घ्यावी लागते. नट निघाले तरी चाक जागचं हलत नसेल, तर ते गंजाने हबला चिकटलंय. लाथा मारून गाडी जॅकवरून पाडू नका. नट परत लावून थोडे ढिले ठेवा आणि गाडी खाली टेकवा, तिच्याच वजनाने चाक सुटतं. मग हबवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा. नटांच्या आट्यांना तेल मात्र लावू नये, त्याने ते गरजेपेक्षा जास्त आवळले जातात.

स्टेपनी चढवल्यावर नट हाताने बसवायचे, निमुळती बाजू आत. गाडी खाली घेऊन शेजारशेजारचे न आवळता समोरासमोरचे आवळत जायचं. एवढं जमलं की त्याच क्रमाने मूळ चाक परत लावायचं. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा एकदा आवळून बघावे लागतात, आणि आठवडाभर आधी तपासणी करण्याचं खरं कारण हेच.

या सरावातून सामानाची यादी आपोआप तयार होते: मऊ जमिनीवर जॅक रुतू नये म्हणून फळी, हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च, दोन ठोकळे. त्यात हवेचा छोटा पंप, जंपर केबल, प्रथमोपचार पेटी, चकाकणारा त्रिकोण आणि जॅकेट घालायचं. पंपाची वायर सॉकेटपासून मागच्या चाकापर्यंत पोचते का, तेवढं लावून बघा. त्रिकोण आणि टॉर्च सामानाच्या वर ठेवायचे. भर रस्त्यात अंधारात सगळ्या बॅगा उतरवून त्रिकोण शोधावा लागला, तर त्याचा उपयोग काय?

कागदपत्रांना फार वेळ लागत नाही. नोंदणी, विमा, परवाना, तिन्हींच्या मुदती परतीच्या तारखेच्या पुढे हव्यात. विमा कंपनीचा मदत क्रमांक मी फोनशिवाय कागदावरही लिहून ठेवतो.

निघायच्या सकाळी, इंजिन गार असताना, डिपस्टिक पुसून ऑइल बघायचं. कूलंट टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवं. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण कधीच उघडू नये, उकळतं पाणी अंगावर येतं. टायरची हवाही गारच मोजायची, कारण थोडी गाडी चालली तरी आकडा वाढलेला दिसतो. दिवे आणि ब्रेकलाइट मागे कुणाला तरी उभं करून बघायचे आणि मगच सामान चढवायचं.