भोकं मोकळी, तरी पातं जळालं

दुरुस्तीला आलेल्या जेट इंजिनातलं, टर्बाइनच्या पहिल्या ओळीतलं एक पातं टेबलावर होतं. पुढच्या कडेवर टोकाजवळ जळून जेमतेम ३ मिलिमीटरचं भगदाड पडलेलं. बाकीची पाती दिसायला ठीक. सगळ्यांचा पहिला अंदाज एकच: त्या कडेवरची हवेची भोकं बुजली असणार. ही भोकं साधारण अर्ध्या मिलिमीटरची असतात. मी एकेका भोकात बारीक गेज पिन घालून पाहिली, सगळीकडे अलगद गेली.

पात्यावरून वाहणारा वायू १६०० अंशांच्या आसपास असतो आणि पात्याचा निकेलचा मिश्रधातू साधारण १३५० ला वितळतो. मग ते टिकतं कसं? कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा पात्याच्या मुळातून आत शिरते. ती 'थंड' म्हणायची, पण तीही ६५० अंशांची! पुढच्या कडेपाशी आत एक पडदा असतो. त्यातल्या छिद्रांतून हवेचे झोत कडेच्या आतल्या बाजूवर आदळतात, मग तीच हवा कडेवरच्या भोकांतून बाहेर पडून पृष्ठभागावर पातळ थर धरते. त्यामुळे धातू १००० अंशांच्या आसपास राहतो. म्हणजे वायू आणि हवा यांच्यातल्या ९५० अंशांच्या फरकापैकी ६०० अंश, सुमारे ६३ टक्के, आपण वाचवतो. हे ६३ चे ६० झाले की धातू १०३० वर जातो. दर १५ अंशांना पात्याचं आयुष्य अर्धं होतं असा ढोबळ हिशेब धरला, तर ते पावावर येतं.

पातं फ्लो बेंचवर चढवलं. ठरलेल्या दाबाला किती हवा जाते ते मोजलं, तर आकडा चांगल्या पात्यापेक्षा जास्तच आला. इथे फसायला होतं. जास्तीची हवा जळालेल्या भगदाडातून गळत होती. भगदाड मेणाने बंद करून पुन्हा मोजलं, तेव्हा प्रवाह चांगल्या पात्यापेक्षा १२ टक्के कमी निघाला.

मग पातं उभं कापलं. बाहेरची भोकं खरंच स्वच्छ होती. आतल्या पडद्याची छिद्रं मात्र भाजलेल्या बारीक धुळीने अर्धी बुजलेली, आणि झोत जिथे आदळायचे त्या भिंतीवर धुळीचा कडक पापुद्रा. झोताबरोबर आलेली हवा वळून जाते, धूळ सरळ भिंतीवर आपटून तिथेच चिकटते. पापुद्रा उष्णता अडवतो, त्यामुळे उरल्यासुरल्या हवेचा गारवाही भिंतीपर्यंत पोचत नाही. शिवाय पुढच्या कडेवर आतला दाब बाहेरच्या वायूपेक्षा थोडाच जास्त ठेवलेला असतो. छिद्रं बुजली की तो घसरतो आणि टोकाजवळ गरम वायूच भोकांतून आत घुसतो. तिथूनच जळायला सुरुवात झाली होती.

बाकीची पाती, दिसायला ठीक असली तरी, एकेक करून बेंचवर चढवली. आणखी चार नापास झाली.